घरगुती उपायांचा व्हिडिओ: दावा काढला की सर्चमध्ये उरतं काय?

केशकळा: यूट्यूबवरच्या माझ्या मेथी-कोरफडीच्या लेपाच्या व्हिडिओला ‘केस गळणे ७ दिवसांत कायमचे बंद’ असं शीर्षक होतं. दावा नको म्हणून ‘मेथीचा लेप’ केलं आणि सर्चमधून येणारे गायब झाले. लोक ‘केस गळणे’ शोधतात, मेथी नाही. खरं लिहायचं म्हणजे उपाशी राहायचं.

शब्दखाटीक: हे रडगाणं आता पुरे. दावा ‘केस गळणे’ या शब्दांत नाहीच, तो ‘७ दिवसांत’, ‘कायमचे’ आणि ‘बंद’ यांत आहे. तुम्ही दाव्यासोबत विषयही कापलात. असं लिहा: ‘केस गळतात तेव्हा मेथीचा लेप लावावा का? भिजवणं, लावणं, धुणं’. शोधायचे शब्द सुरुवातीलाच हवेत, मोबाइलवर शेपूट कापलं जातं. मात्र प्रश्न विचारलात तर व्हिडिओत सरळ उत्तर द्या: केस मऊ लागतील, गळती थांबेलच असं म्हणता येत नाही. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींतही हेच हवं, बाकीचं उघडतं कोण?

तोडगेबाज: एवढा व्याप कशाला? शीर्षक साधं ठेवा आणि ‘टक्कल उपचार’, ‘कोंडा बरा’ वगैरे टॅगमध्ये भरा. प्रेक्षकाला टॅग दिसतच नाहीत.

शब्दखाटीक: यूट्यूबला दिसतात. व्हिडिओत नसलेल्या विषयाचे टॅग म्हणजे दिशाभूल, आणि तीच यादी वर्णनात ओतली तर नियमभंग. तसाही टॅगचा शोधातला वाटा नगण्य, ते मुख्यतः वेगवेगळ्या स्पेलिंगसाठी: `kes galne`, `kes galane`.

तोडगेबाज: स्पेलिंगचं मान्य, महाराज. बाकी कुणी तपासत नाही.

उन्हातली: त्वचेबद्दल कोण बोलणार? ‘लिंबाने डाग घालवा’ बघून चेहऱ्याला रस लावला, उन्हात गेले, फोड आले आणि काळे चट्टे मागे राहिले. खाली बारीक अक्षरात ‘फक्त माहितीसाठी’ होतं म्हणे!

तोडगेबाज: सूचना होती ना? मग वाचायची.

उन्हातली: शीर्षक बोंबलतं आणि सूचना कुजबुजते. दोष वाचणाऱ्याचा?

केशकळा: माझा व्हिडिओ लिंबाचा नाही हो!

शब्दखाटीक: नसू दे. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते, हे शीर्षकात नाही तरी वर्णनाच्या पहिल्या ओळीत हवं होतं. खालच्या सूचनेने वरचं वचन पुसलं जात नाही. आणि केशकळा, तुमच्या थंबनेलवर विरळ टाळू आणि दाट केस शेजारी-शेजारी आहेत. तो बिनशब्दांचा दावाच आहे.

उन्हातली: अगदी! मीही असल्याच चित्राला भुलले.

केशकळा: क्लिक तिथूनच येतात. फोटो माझेच आहेत, खोटे नाहीत.

शब्दखाटीक: खरे असतील. पण त्या काळात तेल, आहार, औषध यांतलं काय बदललं होतं, ते चित्र सांगत नाही. लेप लावतानाचा फोटो टाका.

केशकळा: शीर्षक बदलते. थंबनेलला हात लावणार नाही. अ‍ॅनालिटिक्समध्ये शोधशब्दांच्या यादीत ‘केस गळणे’ परत आलं नाही, तर जुनं शीर्षक लावणार.

शब्दखाटीक: यादीसोबत लोक किती वेळ थांबतात तेही बघा. ‘कायमचे बंद’ला आलेले लेप भिजवतानाच पळत असतील.

तोडगेबाज: पळेनात का, व्ह्यू तर मोजला गेला!