निरांजन तडतडतंय म्हणजे तूप कच्चं आहे

सूनबाई (सातारा): आत्या आहात का ग्रुपवर? एक विचारायचं होतं. मागच्या पंधरवड्यात मी घरी तूप कढवलं होतं ना, ते बिघडलं. वरनं बरं दिसतंय पण बरणीच्या तळाला पांढरट पाण्यासारखं साठलंय आणि वास आंबूस येतोय. आणि देवापुढं तेच तूप घालून निरांजन लावलं की वात सारखी तडतडते, ठिणगी उडते. विकतच्या तुपाला असं होत नाही

आत्या (सांगली): वात तडतडते म्हणालीस तिथंच कळलं. तुपात पाणी राहिलंय. वातीच्या टोकाला तूप पोचलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते, त्याचा तो आवाज. आमच्या सासूबाई नवीन तुपाची परीक्षा अशीच करायच्या, पहिली वात देवाला आणि ती शांत जळली तर बरणीला झाकण. तू गॅस किती वेळ ठेवला होतास?

सूनबाई (सातारा): व्हिडिओत वीस मिनिटं सांगितली होती म्हणून मी घड्याळ लावून वीस मिनिटांनी बंद केला. रंग पण सोनेरी आला होता हो

काकी (मिरज): माझं उलटं होतं. मी गॅस मोठा करून पटकन उरकते आणि बेरी काळी पडते. मग सगळ्या तुपाला करपट वास

आत्या (सांगली): वहिनी तुमचं पण सांगते, थांबा. आधी हिचं. अगं व्हिडिओतल्या बाईचं लोणी किती होतं आणि तुझं किती होतं? तिचं अर्धा किलो असेल आणि तुझं किलोभर, तर वीस मिनिटांत होणार कसं. शिवाय लोणी धुतल्यावर त्यात पाणी किती अडकून राहिलं, पातेलं रुंद होतं का उभट, गॅसचा बर्नर केवढा, या सगळ्यावर वेळ बदलते. म्हणून मी कधी मिनिटं सांगत नाही. तुपाचा आवाज ऐकायचा आणि बेरीचा रंग बघायचा

दादा (कराड): आत्या बरोबर सांगतेय. मी डेअरीत लॅबला आहे म्हणून दोन आकडे सांगतो. विकतच्या बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, घरच्या लोण्यात नीट दाबून काढलं नाही तर त्याहून जास्त असतं. आणि तुपात नियमाप्रमाणे अर्ध्या टक्क्याच्या वर पाणी चालत नाही. म्हणजे तूप कढवणं हे मुख्यतः पाणी उडवणं आहे. जोवर पाणी आहे तोवर पातेल्याचं तापमान शंभरच्या थोडंच वर राहतं, कारण आच सगळी वाफ करण्यात जाते. पाणी संपलं की तापमान झपकन चढतं आणि मग तळाचा दुधाचा अंश भाजला जातो. काकी तुमची बेरी करपते ती त्या शेवटच्या दोन मिनिटांत, आधी नाही

सूनबाई (सातारा): मग ते बिघडलेलं तूप परत कढवू का?

आत्या (सांगली): दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं असतं तर हो म्हटलं असतं, परत बारीक आचेवर ठेवून आवाज थांबेपर्यंत कढवायचं. पण आता आंबूस वास आलाय ना, तो कढवून जात नाही. खायला वापरू नकोस. आज लोणी आहे का साठलेलं?

सूनबाई (सातारा): आहे की. काल साय घुसळली. वजन केलं, ९०० ग्रॅम भरलं

आत्या (सांगली): मग आत्ताच ठेव, मी आहे इथं. लोणी धुतलंस का? फ्रिजमधल्या गार पाण्यानं तीन-चार वेळा धुवायचं, पाणी ताकासारखं पांढरं निघायचं थांबलं पाहिजे. ताक राहिलं तर बेरी जास्त होते, तळाला चिकटते आणि फेस इतका चढतो की उतू जातं. मग हातानं दाबून दाबून पाणी काढ. आणि पातेलं जाड बुडाचं घे, लोणी वितळल्यावर निम्म्याच्या वर यायला नको

सूनबाई (सातारा): धुतलं. स्टीलचं जाड पातेलं घेतलं. १०:२० ला गॅसवर ठेवलं, मध्यम आच

आत्या (सांगली): बरोबर. वितळेपर्यंत मध्यम चालते. एकदा उकळी फुटली की बारीक कर. अगदी मिणमिणती नको, बुडबुडे संथ यायला पाहिजेत पण थांबायला नकोत

सूनबाई (सातारा): १०:२७. सगळं वितळलं, वर पांढरा जाड फेस आलाय, उलथन्यानं हलवू का?

आत्या (सांगली): अधूनमधून तळ खरवड एवढंच, सारखं ढवळू नकोस. हा पहिला फेस, घाबरू नको. काढून टाकू पण नकोस, आपोआप खाली बसतो

सूनबाई (सातारा): आत्या आवाज पाठवते, ऐका. १०:३५ चा (व्हॉइस नोट)

आत्या (सांगली): ऐकला. हा खदखद आवाज आहे, भात उकळताना येतो तसा जाड. मध्येच तडतड ऐकू येते ती पाण्याचे थेंब फुटल्याची. म्हणजे अजून भरपूर पाणी आहे. आत्ता रंगाकडं बघूच नकोस, वरून बघशील तर गढूळ पिवळसर दिसेल आणि तेच तुला मागच्या वेळी सोनेरी वाटलं असणार

काकी (मिरज): वन्सं रंगाचं पण एकदा सांगा, माझं तर म्हशीच्या दुधाचं, कधीच पिवळं होत नाही

आत्या (सांगली): म्हणूनच तुपाच्या रंगावरून ठरवायचं नाही वहिनी. गाईचं तूप मुळातच पिवळं, कच्चं असलं तरी पिवळं. म्हशीचं घट्ट झाल्यावर जवळजवळ पांढरंच. पिवळं होईल म्हणून तुम्ही वाट बघत बसलात आणि तोवर बेरी करपली. रंग बेरीचा बघायचा, तळाशी जो चोथा बसतो त्याचा. आणि तूप आरपार दिसतंय का ते बघायचं, रंग कुठलाही असो

सूनबाई (सातारा): १०:४२ झाले, म्हणजे २२ मिनिटं. मागच्या वेळी ह्याच्या आधीच बंद केला होता मी. आत्ता पण तळ दिसत नाहीये

आत्या (सांगली): बघ. तेव्हा तुझ्या लोण्यातलं बरंच पाणी आतच राहिलं होतं. चालू दे

सूनबाई (सातारा): (व्हॉइस नोट) १०:५१

आत्या (सांगली): आता बदललाय आवाज. खदखद गेली, बारीक चरचर राहिलीये, लांबून रिमझिम पाऊस ऐकावा तशी. बुडबुडे पण आधी मोठे फुगून फुटत होते ते आता लहान आणि स्वच्छ झाले असतील. इथून पुढं स्वयंपाकघर सोडू नकोस, फोन ओट्यावर ठेव. गॅस अगदी बारीक कर. उलथन्यानं फेस बाजूला सारून तळ बघ, काय रंग आहे?

सूनबाई (सातारा): तळ दिसतोय आता! तूप काचेसारखं. बेरी पांढरी गेली, फिकट साईच्या रंगाची आहे. विड्याचं पान टाकू का आता, आमच्याकडं टाकतात

आत्या (सांगली): आत्ता नको. पानात पाणी असतं, ते टाकलं की ते स्वतःच चरचरतं आणि मग तुपाचा आवाज कुठला नि पानाचा कुठला कळत नाही. गॅस बंद केल्यावर टाक, उरलेल्या उष्णतेत कुरकुरीत होतं

काकी (मिरज): मी तर शेवटी पाण्याचा शिपका मारते, चर्र वाजलं की झालं म्हणते

आत्या (सांगली): ते नका करू वहिनी. त्या वेळी तूप शंभराच्या बरंच वर असतं, पाणी पडलं की उडतं, हातावर येतं. आणि आपण अर्धा तास ज्या पाण्याला घालवतोय तेच परत घालायचं कशाला

सूनबाई (सातारा): आत्या आवाज जवळजवळ बंद झाला. आणि परत फेस यायला लागलाय, बारीक, साबणासारखा, वर चढतोय

आत्या (सांगली): हाच दुसरा फेस. ह्याची वाट बघायची असते. बेरीचा रंग?

सूनबाई (सातारा): गव्हाच्या दाण्यासारखा. वास पण बदलला, भाजल्यासारखा खमंग

आत्या (सांगली): बंद कर. आत्ताच. पातेलं गरम शेगडीवरून उचलून बाजूला ठेव

सूनबाई (सातारा): केला बंद, १०:५८. पण मला वाटलं अजून थोडी लाल व्हायला पाहिजे होती

आत्या (सांगली): ती होणार, गॅस नसताना होणार. जाड पातेलं आणि तापलेलं तूप दोन्ही आच धरून असतात, पाच मिनिटांत बेरी एक छटा पुढं जाते. गव्हाच्या रंगावर बंद केलंस तर विटकरी होऊन थांबेल. विटकरी दिसल्यावर बंद केलं तर चॉकलेटी होणार, वहिनींचं तेच होतं बघा. चॉकलेटी झाली की तूप कडवट, आणि ते परत नीट करता येत नाही

सूनबाई (सातारा): खरंच, आता विटकरी झाली. पान टाकलं. झाकण ठेवू?

दादा (कराड): गरम असताना झाकण अजिबात नको. पानातनं निघणारी वाफ झाकणाला लागून थेंब होतात आणि तेच तुपात पडतात. पातळ कापड किंवा जाळी ठेव. अर्ध्या तासानं, हात लावता येईल इतकं कोमट झालं की स्टीलच्या गाळणीनं गाळ. बरणी धुतली असशील तर पूर्ण कोरडी करून घे, उन्हात किंवा ओव्हनमध्ये. पावसाळ्यात तर नक्कीच

आत्या (सांगली): आणि फ्रिजमध्ये ठेवू नको. पटकन गार केलं की तूप गुळगुळीत, मेणासारखं लागतं. बाहेरच हलवाहलव न करता एका जागी रात्रभर राहू दे, हळू गार होताना कणी पडते. रवाळ व्हायला गॅसपेक्षा हे जास्त लागतं, लोक हे विसरतात

सूनबाई (सातारा): गाळून वजन केलं. ७०० ग्रॅम तूप निघालं ९०० लोण्यातून. बेरी मूठभर

काकी (मिरज): बेरी टाकू नको गं. साखर घालून पोळीत गुंडाळून मुलाला दे, नाहीतर कणकेत मळ, पोळ्या मऊ होतात. पण एक-दोन दिवसात संपव, ती टिकत नाही

सूनबाई (सातारा): आजच संपेल ती, आत्ताच एक वाटी गेली 😊

(दुसऱ्या दिवशी)

सूनबाई (सातारा): आत्या, सकाळी बघितलं, कणी पडलीये, साबुदाण्यापेक्षा बारीक पण स्पष्ट दिसते. आणि निरांजन लावलंय, दहा मिनिटं झाली, एकदाही तडतडलं नाही. ज्योत सरळ

आत्या (सांगली): ऐकून बरं वाटलं बाळा. बरणीत चमचा कोरडाच घाल, तूप वाढताना भाजीतला चमचा चुकून सुद्धा जायला नको. पुढच्या वेळी लोणी दीड किलो असलं तर मिनिटं आजची धरू नको, परत कानानंच ठरव

काकी (मिरज): मी पण रविवारी ठेवते. वन्सं मी पण आवाज पाठवते हां, तुम्ही ऐकून सांगा बंद करू का ते

आत्या (सांगली): पाठवा, मी घरीच आहे. फक्त गॅस पहिल्यापासून बारीक ठेवा