बेसनाची तक्रार आली, मिलवाल्याले बॅचचं रेकॉर्ड मागाव का माल परत करून मोकळं व्हाव?

किराणावाला, दारव्हा तालुका
राजेहो, एकाच हप्त्यात दोन गिऱ्हाईकं बेसन परत घेऊन आले, म्हणे भजे कडू लागतात अन् जुनाट वास येते. अकोल्याकडच्या एका मिलचे ३० किलोचे ८ कट्टे घेतले होते, ५ सुटे विकून झाले, सहावा चालू आहे, २ शिवलेलेच आहेत. सेल्समनले म्हटलं बॅचचं रेकॉर्ड पाठवा, तर म्हणते "भाऊ माल परत करा, रेकॉर्ड घेऊन काय करता?" मागाव का नाई?

जुना व्यापारी, पुसद
नको मांगू बावा. उरलेला माल वापस दे, नवा घे, गिऱ्हाईकाले किलोभर चांगलं बेसन दे, विषय संपला. तुझा धंदा उधारीवर चालते, तो महिनाभर थांबते म्हणून तुझं दुकान भरलेलं दिसते. उद्या त्यानं रोखीनच घ्या म्हटलं तर तुझं रेकॉर्ड कोणाच्या कामाचं?

नागपूरकर मुलगा
तुम्ही सरळ ग्राहक आयोगात तक्रार करा, पावती जपून ठेवा, नुकसानभरपाई मिळते.

किराणावाला, दारव्हा तालुका
भाऊ मी गिऱ्हाईक नाई, दुकानदार आहो, तक्रार माझ्याच दुकानात आली 😅

मिलमध्ये क्वालिटीत होतो, वर्धा
मागाच. पण आधी एक काम करा, ते दोन शिवलेले कट्टे अन् चालू कट्टा तिन्ही बाजूला ठेवा, विक्री बंद. मग शिलाईजवळची चिठ्ठी नाहीतर कट्ट्यावरचा छापा पाहा, बॅच नंबर अन् दळल्याची तारीख तिन्हीवर एकच आहे का ते पाहा अन् फोटो काढा. सुटं विकणारे इथंच फसतात, कट्टा फोडला की चिठ्ठी कचऱ्यात जाते अन् माल डब्यात, मग तक्रारीचं बेसन कोणत्या कट्ट्यातलं हे देवालेच माहीत.

बॅच एकच निघाली तर सेल्समनच्या समोर एक शिवलेला कट्टा फोडा. त्यातही तोच वास आला तर माल मिलमध्येच किंवा गोडाऊनमध्ये बिघडला. शिवलेला चांगला अन् फक्त चालू कट्टा खराब निघाला तर भाऊ, तुमच्या दुकानातली ओल पाहा, पावसाळ्यात तोंड उघडं राहिलं की बेसन लवकर खवट होते, चण्यात तेल असते नं. हे पाहल्याशिवाय मिलवाल्यावर ओरडू नका.

दालमिलवाला
हे बराबर बोलले. दहातल्या कितीतरी तक्रारी दुकानातल्या ओलीच्या असतात, अन् दुकानदार म्हणते तुमची मिल खराब. अन् रेकॉर्ड म्हणजे काय काय दाखवाव आम्ही? चण्याची डाळ कोणाकडून घेतली, काय भावानं घेतली, कोणत्या दुकानाले किती कट्टे दिले, हे उद्या पलीकडच्या मिलच्या सेल्समनच्या हाती गेलं तर माझा धंदा तो करन. अधिकारी आला तर सारं दाखवतो, दुकानदाराले काहून दाखवू?

बचत गट, घाटंजी
आमचंही तसंच झालं, फक्त आमचं तिखटाचं. आमी मिरची घेऊन कुटून पाकिटं भरतो, एका ताईनं फोन केला का तिखटाले बुरशीचा वास येते. आमच्याकडं पाकिटावर नुसती तारीख होती, अन् त्या दिवशी दोन व्यापाऱ्यांची मिरची एकत्र कुटली होती, मंग कोणाची ओली होती हे सांगताच नाई आलं, दोघंही हात वर करून मोकळे. आता आमी एका व्यापाऱ्याची मिरची संपली का मशीन साफ करून मंगच दुसऱ्याची लावतो, अन् वहीत दोघांचे नंबर वेगळे. जास्त वेळ लागते पण काय कराव.

हिशेबवाला, यवतमाळ
एवढी भानगड कशाले? अन्न सुरक्षा कायदा २००६ नुसार बिलच गॅरंटी धरल्या जाते. तुमच्याकडं पक्कं बिल आहे नं, त्यावर मिलचा १४ आकडी लायसन्स नंबर आहे नं, मंग जबाबदारी मिलची. रेकॉर्ड मागायची काई गरज नाई.

मिलमध्ये क्वालिटीत होतो, वर्धा
बिलाचं खरं आहे, पण अर्धं. बिलावर "बेसन ८ कट्टे" एवढंच लिहिलेलं असते, त्यात बॅच नसली तर हा खवट कट्टा त्याच बिलातला आहे हे कसं दाखवाल? मिलवाला म्हणन हा दुसऱ्या खेपेचा माल, किंवा दुसऱ्या मिलचा. अन् त्याच कायद्याचं कलम २७ वाचा, विकणाऱ्याले माल कोणाकडून आला हे सांगता नाई आलं तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. म्हणून बिलावर बॅच नंबर लिहून मागा, त्याले काई खर्च येत नाई.

दालमिलवाल्या दादांचं गिऱ्हाईकांच्या यादीचं म्हणणं मला पटते. यादी नका मागू, भावही नका विचारू. एवढंच विचारा का या बॅचमध्ये डाळ किती गेली, बेसन किती निघालं, अन् परत आलेला जुना माल यात मिसळला का. मी होतो त्या मिलमध्ये अशीच कडू बेसनाची तक्रार आली होती. मालक म्हणे ताज्या डाळीचं आहे. रजिस्टर काढलं तर डाळ गेली २० क्विंटल अन् बेसन निघालं २० क्विंटल ६० किलो. दळताना थोडी घट येतेच, वाढ कुठून येईन? ६० किलो वाढ अन् वरून घट, म्हणजे दोन कट्ट्याहून जास्तच माल बाहेरून आला. दुकानातून परत आलेले जुने कट्टे पोरानं नव्या मालात ओतले होते, अन् नव्या तारखेची चिठ्ठी शिवली होती. चिठ्ठीवर तारीख ताजी, म्हणून कोणाले शंकाच नाई आली. हे चाखून किंवा वासावरून नाई कळत, वजनाच्या आकड्यावरूनच कळते. आता बोला, माल परत करून हा विषय संपला असता का? परत गेलेला माल तिसऱ्याच दुकानात आला असता.

जुना व्यापारी, पुसद
मानलं. पण तो आकडा तुमी मिलमध्ये होते म्हणून पाहला. बाहेरच्या दुकानदाराले ते रजिस्टर कोण दाखवते? अन् दाखवलं तर खरं का खोटं हे कोण पाहन, वही तर रात्रीतून नवी लिहिता येते.

मिलमध्ये क्वालिटीत होतो, वर्धा
लिहिता येते, खोटं नाई बोलत. म्हणून तोंडी नाई, व्हॉट्सॲपवर विचारा, बॅच नंबर टाकून, उत्तरही तिथंच येऊ द्या. मिलनं त्या बॅचचा नमुना ठेवला असन तर तोही बघा. अन् शिवलेल्या कट्ट्यातून अर्धा किलो काढून पाकीट बंद करून दोघांच्या सह्या घ्या, पुढं तपासणीची वेळ आली तर उघड्या कट्ट्यातलं बेसन कोणी मानत नाई.

किराणावाला, दारव्हा तालुका
आज सेल्समन आला होता. तिन्ही कट्ट्यावर बॅच एकच निघाली. शिवलेला फोडला तर वास आहे, पण चालूपेक्षा कमी. तो म्हणे दुकानातल्या ओलीनं वाढला, मी म्हणतो मुळात होताच. नमुना काढून सह्या केल्या. डाळीचा आकडा मागतला तर मालकाले विचारतो म्हणे, अजून उत्तर नाई.

दालमिलवाला
थोडा वास शिवलेल्यात होता म्हणजे बिघाड मिलकडचाच, हे मी मिलवाला असून सांगतो. पण पूर्ण पैसे मिलनं द्यावे का, याचं मले नाई पटत, चालू कट्टा तुमी कसा ठेवला तेही पाहाव लागन.

बचत गट, घाटंजी
भाऊ, माल वापस देता वेळी परतीच्या चिठ्ठीवर बॅच नंबर अन् "खवट" हे दोन्ही लिहून घेजा, नुसतं "३ कट्टे वापस" नको.