मदत हवी आहे: पंचवीसपटीचं गणित नेमक्या कोणत्या खर्चावर करायचं?

मंडळी, गोकुळ शिरगावला एका कारखान्यात नोकरी करतो. वय 43, कमावणारा मी एकटाच. दोन मुलं, आबा 72 आणि आई 66. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडता यावी, एवढीच इच्छा. त्यासाठी वर्षाच्या खर्चाची पंचवीसपट रक्कम साठवायची, असं गणित धरलंय.

घरखर्च महिना 45,000. वर्षाचे 5,40,000, त्याची पंचवीसपट म्हणजे 1 कोटी 35 लाख. त्यात 12 वर्षांची सहा टक्के महागाई धरली की आकडा दुप्पट, 2 कोटी 70 लाख! तो बघून वही मिटवूनच ठेवली होती.

परवा परत उघडली, तेव्हा लक्षात आलं की 45,000 मधले 8,000 मुलांच्या फीचे आहेत आणि 5,000 आई-आबांच्या औषधांचे. हे खर्च जन्मभराचे नाहीत, मग त्यांची पंचवीसपट कशाला? उरलेल्या 32,000 चे आजच्या भावाने 96 लाख होतात, महागाईसकट साधारण 1 कोटी 92 लाख. फीसाठी वेगळी एसआयपी आहेच.

अडलंय आईपाशी. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मानचं 5 लाखांचं कव्हर उत्पन्न न बघता मिळतं, म्हणून आबांचं कार्ड काढलं. आईला अजून चार वर्षं आहेत, त्यात तिला साखर. आता पॉलिसी घेतली तरी जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल.

मग तेवढ्यासाठी हप्ता भरावा, की 4 लाखांची एफडी तिच्या नावाने बाजूला ठेवावी? कुणी असं केलं असेल तर आकड्यांसकट सांगा. (गुंठा घेऊन ठेव म्हणणारे पाहुणे घरात भरपूर आहेत.)