पाळण्यावरची मच्छरदाणी

> "पाळण्यावर मच्छरदाणी लावली की मांजर आत जाणार नाही ना?"

मच्छरदाणीवर भिस्त ठेवू नका. आमच्याकडे ऐरोलीला हिला आठवा महिना लागला तेव्हाच पाळणा मांडून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी आमची चार किलोची चिंगी जाळीचा झोका करून वर पसरलेली, आणि जाळी खाली गादीला टेकलेली! मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं ही आजीची गोष्ट खोटी. पण ते उबेसाठी अंगाला चिकटतं, आणि तान्ह्या बाळाला तोंडावरचं ओझं बाजूला सारता येत नाही, खरा धोका तो.

मग सुताराकडून बेडरूमला जाळीचा दरवाजा बसवून घेतला. जाळी तारेचीच घ्या, नायलॉनची नखांनी फाटते. बाळ येण्याच्या दीड महिना आधीपासून तो बंद ठेवायला लागलो, म्हणजे खोली बंद होण्याचा राग बाळावर निघत नाही. पहिल्या चार रात्री चिंगीने दाराशी नुसता आकांत मांडला. तेव्हा मन घट्ट करायचं, कारण एकदा उघडलंत की जास्त ओरडल्यावर दार उघडतं एवढंच ती शिकते. दाराबाहेरच्या कपाटावर तिची टोपली ठेवली, तिथून आतलं सगळं दिसतं.

आता बाळ झोपलं की दार बंद. जागं असेल तेव्हा ती आत येते, पण आमच्यापैकी एकजण हाताच्या अंतरावर असतोच. कान मागे पडून शेपूट आपटायला लागली की न ओरडता बाहेर काढतो.