गुरूचे चंद्र दिसत नसतील तर
"१०×५० ची दुर्बीण घेतलीये, पण गुरू नुसता थरथरता ठिपका दिसतो, चंद्र दिसतच नाहीत, काय चुकतंय?"

हात हलतोय, दुसरं काही नाही. दहापट मोठं दिसतं तेव्हा हाताचा कंपही दहापट होतो आणि बारीक चंद्र त्यात पुसले जातात. गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून दुर्बीण टेकवा, आधी एखाद्या ताऱ्यावर फोकस करा, तो टाचणीच्या टोकाएवढा झाला की मग गुरूकडे वळा. दोन्ही बाजूंना साधारण एका रेषेत त्याच्या चार मोठ्या चंद्रांचे ठिपके दिसतील, कॅलिस्टो नि गॅनिमीड लांब असले की सोपे, आयो मात्र बहुतेकदा गुरूच्या झगमगाटात हरवतो, त्यामुळे रोज चारही दिसत नाहीत. वहीत चित्र काढून दोनतीन रात्री परत बघा, गुरूभोवतीच जागा बदलत राहतो तो चंद्र, मागे राहून जातो तो तारा.