मदत हवी आहे: ट्रेकला फोन किती वाजता बंद पडेल याचा अंदाज कसा काढायचा?

डोंगरवाट
फोन तीन वर्षांचा आहे, अँड्रॉइड, बॅटरी ५००० एमएएच. पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर जाताना जीपीएसवर वाट रेकॉर्ड करत होतो आणि दर तासाला टक्के टिपून ठेवले:

सकाळी ७ – १००
८ – ९७
९ – ८८
१० – ८०
११ – ७३

चार तासांत २७ टक्के गेले, म्हणजे तासाला पावणेसात. त्या हिशोबाने उरलेले ७३ टक्के जवळजवळ अकरा तास, रात्री पावणेदहापर्यंत पुरायला हवे होते. प्रत्यक्षात संध्याकाळी ५:४० ला, १४ टक्के दाखवत असतानाच फोन बंद. चार तासांचा फरक! आधीच नीट अंदाज काढायची काही रीत आहे का?

बंडूनाना
कॅलिब्रेशन बिघडलंय, दुसरं काही नाही. फोन आपोआप बंद होईपर्यंत वापरा, मग बंद ठेवूनच १०० पर्यंत चार्ज करा. दर महिन्याला केलंत की बॅटरी पुन्हा नव्यासारखी.

अलका_ठाणे
माझंही अगदी असंच होतं हो. रोजचा दीड जीबीचा पॅक आहे, दुपारी ५० टक्के वापरल्याचा मेसेज येतो, म्हटलं रात्रीपर्यंत आरामात पुरेल, तर आठ वाजताच नेट रांगायला लागतं. कंपनी लबाडी करते का?

मल्टीमीटर
अलकाताई, धागा बॅटरीचा आहे, पण तुमचं आधी सांगून टाकतो. डेटा मोजून दिलेला असतो, त्यात अंदाज नसतो, त्यामुळे शिल्लक आकडा खरा धरा. फसतो तो वेग. दिवसभर मेसेज आणि संध्याकाळी व्हिडिओ असेल तर दिवसाची सरासरी काढून काही हाती लागत नाही. ९० टक्क्यांचा मेसेज येतो तेव्हा उरलेले असतात दीडशे एमबी. ४८०पीवर व्हिडिओ पाहिलात तर ते पाऊण तास नाही, जेमतेम पंधरा मिनिटं जातात. सेटिंगमध्ये अ‍ॅपनिहाय डेटा वापर बघा, चोर घरातच सापडेल.

आता डोंगरवाट. पहिला तास हिशोबात धरू नका. बरेच फोन चार्जिंग काढल्यावरही बराच वेळ १०० वरच थांबतात. तुमच्या आकड्यांतच दिसतंय: पहिल्या तासात ३, मग ९, ८ आणि ७. ९७ पासून धरलं तर तीन तासांत २४, म्हणजे तासाला ८.

दुसरं, शून्यापर्यंत भागू नका. जुन्या बॅटरीत तळाचे १५ टक्के नाहीतच असं समजा. तुमच्याकडे ७३ नव्हे, ५८ टक्के होते. ५८ भागिले ८ म्हणजे सव्वासात तास, संध्याकाळी सव्वासहा. आणि एकच वेळ काढण्यापेक्षा दोन काढा. सगळ्यात वाईट तास ९ टक्क्यांचा, त्याने सुमारे साडेसहा तास, म्हणजे साडेपाचच्या आसपास. सगळ्यात चांगला ७ चा, त्याने सव्वासात वाजतात. फोन ५:४० ला गेला, म्हणजे या पट्ट्यातच, फक्त वाईट टोकाला. बेत नेहमी वाईट टोकावर आखायचा.

बारक्या
एवढं गणित कशाला राव? सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर 'अमुक वाजेपर्यंत टिकेल' असं फोनच सांगतो की.

मल्टीमीटर
सांगतो, पण तो तुमच्या रोजच्या वापरावरून. ऑफिसात टेबलावर पडलेल्या फोनचा अंदाज गडावर कसा चालेल? ट्रेकला त्याच दिवसाचे आकडे घ्यायचे. तेसुद्धा निदान दहा टक्के उतरल्यावर. पडद्यावर पूर्णांकच दिसतो, त्यामुळे ७३ म्हणजे जेमतेम ७३ की ७४ ला टेकलेला, कळत नाही. तीन टक्क्यांच्या फरकावर भागाकार केलात तर उत्तर एक तृतीयांशाने सहज हुकतं. आकडा *बदलताना* वेळ टिपली तर आणखी बरं.

डोंगरवाट
हे पटलं. पण १४ टक्के होते तर बंद का पडला?

मल्टीमीटर
टक्के हा आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशोब असतो, बंद पडणं मात्र व्होल्टेजवर ठरतं. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. कॅमेरा उघडला किंवा रेंज शोधताना रेडिओने जोर लावला की त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि चार्ज शिल्लक असूनही फोन स्वतःला बंद करतो. दुसरी शक्यता अशी की हिशोबच चुकलाय: चिपला बॅटरी खऱ्यापेक्षा मोठी वाटतेय.

ओळखायचं कसं? बंद पडल्यावर चार्जरला न लावता दहा मिनिटं थांबून सुरू करा. पुन्हा १२-१३ टक्के दाखवून तग धरला तर रोध. १-२ टक्के दाखवले किंवा उठलाच नाही तर हिशोब.

चिप काय धरून चाललीय ते बघायचं तर यूएसबी डीबगिंग चालू करून कॉम्प्युटरला जोडा आणि

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `level` आणि `Charge counter` बघा. केबल लावलेली असताना `voltage` चढा दिसतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

बंडूनाना
म्हणजे मी सांगितलेलं कॅलिब्रेशनच की!

मल्टीमीटर
नाना, अर्धं बरोबर. पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने चिपचा आकडा सुधारू शकतो, बॅटरीतली गेलेली क्षमता परत येत नाही. एकदा करून बघायला हरकत नाही. दर महिन्याला शून्यावर नेलंत तर उलट झीजच वाढेल.

डोंगरवाट
करून बघितलं. `level: 60` असताना `Charge counter: 2460000` आला. आणि घरी १३ टक्क्यांवर कॅमेरा उघडला तसा फोन गेला. दहा मिनिटांनी सुरू केला तर १२ दाखवत अर्धा तास चालला, कॅमेरा उघडल्यावर पुन्हा बंद.

मल्टीमीटर
तो काउंटर मायक्रोअँपिअर-तासांत असतो. म्हणजे ६० टक्क्यांना २४६० एमएएच, पूर्ण बॅटरी ४१००. मूळच्या ५००० च्या ८२ टक्के. कॅमेऱ्याचं लक्षण मात्र सरळ रोधाचं आहे. १५ च्या खाली कॅमेरा, फ्लॅश, हॉटस्पॉट बंद ठेवा, तेवढ्यात उतरून याल. कायमचा इलाज नवी बॅटरी.

सह्यशोध
ट्रेकसाठी सगळ्यात सोपं: एअरप्लेन मोड. जीपीएस फक्त ऐकतो, त्याला नेटवर्क लागत नाही. घाटात रेंज शोधण्यातच बॅटरी खलास होते. नकाशा आदल्या रात्री उतरवून ठेवा आणि सुरुवातीला मोकळ्या आकाशाखाली दोन-चार मिनिटं थांबा, पहिली जागा सापडायला वेळ लागतो. आणि मोड बदलल्यावर आधीचा दर विसरा, नव्याने मोजा.

किरण_पुणे
८२ टक्क्यांवर शंका आहे. काही फोनमध्ये तो काउंटर टक्क्यांवरूनच उलटा काढलेला असतो, मग भागाकार केला की तोच तो आकडा परत येणार. ९०, ६० आणि ३० वर तीनदा घ्या.

डोंगरवाट
९० ला ३६९०, ३० ला १२३०. तिन्ही वेळा बरोब्बर ४१००.

किरण_पुणे
इतकं तंतोतंत? मोजलेल्या आकड्यात थोडं मागेपुढे व्हायला हवं. मला तरी हा गुणाकारच वाटतो.

मल्टीमीटर
असू शकेल. मग ४१०० वर भरवसा नको, पण कॅमेऱ्याची चाचणी तरीही खरीच आहे. खात्री हवी असेल तर फोन बंद पडेपर्यंत उतरवा आणि एमएएच आणि वॉट-तास दाखवणारा यूएसबी मीटर लावून एकदा पूर्ण भरा. मीटर ५ व्होल्टवर मोजतो आणि बॅटरी सरासरी ३.८५ ची, शिवाय काही ऊर्जा उष्णतेत जाते, तेव्हा मीटरचा आकडा बॅटरीच्या एमएएचशी थेट ताडू नका. फास्ट चार्जर नको, त्यात व्होल्टेज वरखाली होतं. साधा ५ व्होल्टचा लावा आणि वॉट-तास टिपून इथे टाका.