उंचावर राहून वाढवलेलं रक्त चालतं, मग ईपीओने वाढवलेलं का नाही?

घाटवाला: माझं मत सरळ आहे. महिनाभर डोंगरावर राहून लाल पेशी वाढवल्या तर मेहनत, लाल पेशी वाढवणाऱ्या ईपीओ हार्मोनचं इंजेक्शन घेऊन वाढवल्या तर चोरी, पण पेशी दोन्हीकडे आपल्याच हाडांत तयार होतात ना? हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची, 50 टक्क्यांची मर्यादा ठेवा, त्याखाली कोण कसा पोचला ते विचारू नका.

रनर77: अर्धं पटलं. लेहला तीन आठवडे राहिलं की 43 चं 50 सहज होतं, मग फरक काय राहिला? पण मर्यादा हवीच, 80 च्या दशकाच्या शेवटी डच आणि बेल्जियन सायकलपटू ईपीओमुळे झोपेतच गेले होते.

लॅबवाली मेधा: रनर, सहज नाही होत हो. उंचावर गेलं की किडनीला ऑक्सिजन कमी मिळतो, ती एक-दोन दिवसांत भरपूर ईपीओ सोडते आणि मग तुम्ही वरच असलात तरी ते बरंचसं खाली येतं. शरीर स्वतःच ब्रेक लावतं. 2500 मीटरच्या आसपास तीन-चार आठवडे राहिलं आणि अंगात लोह पुरेसं असेल तर एकूण हिमोग्लोबिन साधारण 3 ते 5 टक्के वाढतं, म्हणजे 43 चं फार तर 45. लेहला चौथ्या दिवशी रिपोर्टमध्ये आकडा वर दिसतो तो रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे, नव्या पेशी तोवर आलेल्याच नसतात. इंजेक्शनला हा ब्रेक नाही, सुई चालू तोवर पेशी वाढतच राहतात. आणि त्या मृत्यूंबद्दल संशय होता, ईपीओमुळेच झाले हे सिद्ध झालेलं नाही.

प्राची: माझ्या सासूबाई डायलिसिसवर आहेत, त्यांना हेच इंजेक्शन असतं. हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर गेलं की डॉक्टर डोस कमी करतात, मी म्हटलं अजून वाढू दे की, तर म्हणाले गुठळी होईल, स्ट्रोकची भीती असते. मग या खेळाडूंना पुढे डायलिसिस लागतं का?

लॅबवाली मेधा: नाही प्राचीताई, किडनी त्याने बिघडते असं नाही, पण गुठळीची भीती तीच. पेशींचं प्रमाण वाढत गेलं की रक्ताचा घट्टपणा त्याहून वेगाने वाढतो. दिवसभर घाट चढून घामाने पाणी गेलेलं, त्यात रात्री या लोकांचे ठोके चाळिशीच्या आत.

घाटवाला: अहो मग मी तेच म्हणतोय, मर्यादा पुरे!

लॅबवाली मेधा: ती करून बघितलेली आहे. ईपीओ पकडणारी टेस्टच नव्हती म्हणून यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने 1997 मध्ये पुरुषांना 50 आणि बायकांना 47 ची रेघ ओढली. वर गेलात तर डोपिंगचा आरोप नाही, तब्येतीच्या नावाखाली 15 दिवस घरी. झालं काय, 50 हे टार्गेट झालं. टीममध्ये छोटी सेंट्रिफ्यूज मशीन आली, सकाळी तपासणीवाले यायच्या आत बोटाचं रक्त फिरवून बघायचं आणि आकडा जास्त दिसला तर सलाईन लावून रक्त पातळ करायचं. 5 जून 1999 ला इटालियन सायकलपटू मार्को पँटानी जिरो ही इटलीची मोठी रेस जिंकत आलेला असताना मॅडोना दी कॅम्पिलिओला 52 भरला आणि बाहेर गेला. आता न्याय बघा, ज्याचं मूळचं 41 आहे तो सुईने 49 गाठून पास, आणि जन्मतः 51 असलेला संशयित.

रनर77: फिनलंडचा स्कीअर मँटीरांता तसाच ना? 1964 ला दोन गोल्ड, आणि नंतर जीनमध्येच बदल सापडला.

लॅबवाली मेधा: हो तोच. म्हणून 2008 पासून बायोलॉजिकल पासपोर्ट, माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी. त्यात एक साधं गणित असतं: `Hb − 60 × √Ret%`. समजा एकाचं हिमोग्लोबिन 150 ग्रॅम प्रति लिटर, Ret म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी 1 टक्का, स्कोअर 90. ईपीओ घेऊन रेसआधी बंद केलं तर हिमोग्लोबिन 165 वरच असतं पण पेशी बनवणारी हाडांतली मज्जा गप्प बसते, कोवळ्या पेशी 0.25 वर येतात आणि स्कोअर 135. सलाईनने हिमोग्लोबिन पातळ होईल, पण कोवळ्या पेशींची टक्केवारी हलत नाही.

सह्याद्री पेडल: पण मायक्रोडोस? रोज थोडं थोडं घेतलं तर मज्जा गप्प बसणारच नाही.

लॅबवाली मेधा: बरोबर, तिथे पासपोर्ट कमी पडतो. रात्री घेतलेला छोटा डोस लघवीत फार वेळ दिसतही नाही, म्हणून अवेळी सँपल घ्यावं लागतं.

घाटवाला: सुईचं मानलं एकवेळ. पण घरात तंबू लावून त्यात ऑक्सिजन कमी करून झोपतात त्याला वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने 2006 मध्ये विचार करूनही बंदी घातली नाही, आणि पेशी वाढवायला कार्बन मोनॉक्साइड हुंगण्यावर यूसीआयने 2025 मध्ये घातली. दोन्हीकडे शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय असंच भासवायचं आहे ना?

सह्याद्री पेडल: तंबूतून उठून बाहेर येता येतं, विषारी वायू रक्तात कित्येक तास चिकटून राहतो. माझ्यासाठी फरक तिथेच.

घाटवाला: हा धोक्याचा फरक झाला, फसवणुकीचा नाही. मला अजून पटलेलं नाही.